मुद्दाम वाकडी रेघ

संगणकाला सरळ रेघ काढणं सगळ्यात सोपं असतं. तरी गेल्या काही वर्षांत तांत्रिक लेखांतल्या आकृत्या पाहिल्या, तर चौकोनांच्या कडा किंचित थरथरलेल्या दिसतात, बाण जरा पोट सुटल्यासारखे वाकलेले असतात आणि कोपऱ्यात रेघा एकमेकींना ओलांडून पुढे गेलेल्या असतात. वाटतं, कुणीतरी फळ्यावर भराभर काढून दिलंय. प्रत्यक्षात ते माऊसने ओढलेले चौकोन असतात आणि त्यांची थरथर गणिताने घडवलेली असते. अशा आकृत्या काढण्याचं सगळ्यात परिचित साधन म्हणजे excalidraw.com. 2020 च्या जानेवारीत ते सुरू झालं. ब्राउझरमध्ये उघडायचं आणि काढायला लागायचं, खातंबितं लागत नाही.

हे वळण दिसायला छान आहे म्हणून लोक सरसकट सगळीकडे वापरतात, आणि तिथेच गडबड होते. कुठे ते आकृतीला मदत करतं आणि कुठे तिचा घात करतं, हे एकाच लेखातल्या दोन आकृत्यांवर पाहू. लेखाचा विषय आपल्या रोजच्या वापरातला आहे: यूपीआयने पैसे पाठवले, आपल्या खात्यातून वजा झाले, समोरच्याला मिळालेच नाहीत. असं होतं तेव्हा पैसे असतात कुठे?

आधी घडतं काय ते बघू. आपण ॲपमध्ये रक्कम टाकतो आणि पिन देतो. ॲप आपल्या भागीदार बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे, हा आदेश पोचवतं. एनपीसीआय आपल्या बँकेला सांगते, एवढे वजा करा. बँक पिन तपासते, रक्कम वजा करते आणि ‘झालं’ असं उलट कळवते. मग एनपीसीआय घेणाऱ्याच्या बँकेला सांगते, एवढे जमा करा. ती बँकही ‘झालं’ म्हणते आणि शेवटी आपल्या पडद्यावर हिरवी खूण उमटते. घोळ होतो तो सहसा त्या दुसऱ्या बँकेपाशी. ‘जमा करा’ हा निरोप गेला, पण ‘झालं’ हे उत्तर वेळेत आलं नाही. पैसे वजा झालेत, जमा झाले की नाही ते कुणालाच ठाऊक नाही.

एवढा परिच्छेद वाचताना बहुतेकांच्या डोक्यात चार चौकोन तयार झालेच असतील. वरती आपलं ॲप, मधोमध एनपीसीआय, खाली डावीकडे आपली बँक, खाली उजवीकडे घेणाऱ्याची बँक. त्यांच्यामध्ये सहा बाण. हीच आपली पहिली आकृती, आणि ती हाताने काढल्यासारखी असावी असं माझं मत आहे.

का, तर या चार चौकोनांत बरंच काही गाळलंय. ॲपच्या मागची भागीदार बँक गाळली, यूपीआय पत्त्यावरून खातं शोधण्याची पायरी गाळली. शिवाय बाणांवरून जातात ते निरोप. बँकाबँकांमधला पैशांचा हिशेब नंतर, ठरावीक वेळांना एकत्र मिटवला जातो. हीच आकृती काटेकोर रेघांनी, सावल्या दिलेल्या चौकोनांनी आणि चकचकीत चिन्हांनी काढली, तर वाचकाला वाटतं की यंत्रणेचा नकाशाच समोर आहे आणि पैसा या नळीतून त्या नळीत वाहतोय. थरथरत्या रेघेला तसा आव आणता येत नाही. पत्रिकेच्या पाकिटामागे कुणी हॉलचा रस्ता काढून दिला, तर त्यावर आपण फूटपट्टी ठेवत नाही. देवळानंतर डावीकडे, एवढंच त्यातून घेतो. या आकृतीतूनही वाचकाने एवढंच घ्यायचंय की कोण कुणाला काय सांगतं आणि साखळी कुठे तुटते.

हे नुसतं माझं मत नाही. 1996 साली जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या संशोधकांनी वास्तुरचनाकारांना आणि त्या विषयाच्या विद्यार्थ्यांना एकाच वास्तूची तीन रूपं दाखवली: संगणकाने काढलेला काटेकोर रेखाटा, रंगछटा भरलेलं चित्र आणि संगणकानेच हाताच्या वळणाचं केलेलं रेखाटन. सुरुवातीचा कच्चा विचार ग्राहकापुढे मांडायला त्यांनी रेखाटनाला पसंती दिली आणि अंतिम सादरीकरणाला बाकीच्या दोन रूपांना. घराचा आराखडा पक्क्या रेघांत दिसला की ग्राहकाला वाटतं सगळं ठरून गेलंय, आता बोलण्यात अर्थ नाही. रेखाटन दिसलं की तो म्हणतो, इथे खिडकी घेता येईल का?

आता आकृती काढायला बसू. एक्सकॅलिड्रॉ उघडून `R` दाबलं की चौकोन ओढता येतो आणि `A` दाबलं की बाण. बाणाचं टोक चौकोनाजवळ नेलं की ते त्याला चिकटतं, मग चौकोन हलवला तरी बाण सुटत नाही. चौकोनावर दोनदा क्लिक करून आत मजकूर लिहायचा. इथवर काही अवघड नाही. पण सुरुवात करण्याआधी एक आकडा ठरवून घ्यावा, तो म्हणजे रुंदी.

बहुतेक वाचक लेख मोबाइलवर वाचणार. मोबाइलचा पडदा ब्राउझरच्या हिशेबाने साधारण 360 पिक्सेल रुंद धरावा. लॅपटॉपवर ऐसपैस पसरलेली 1,200 पिक्सेल रुंद आकृती तिथे तीन दशांश होते, म्हणजे 20 पिक्सेलची अक्षरं सहावर येतात. ती वाचता येत नाहीत. त्याऐवजी चौकोन एकाखाली एक रचून रुंदी 700 पर्यंत ठेवली आणि अक्षरांचा आकार `L`, म्हणजे 28 पिक्सेल घेतला, तर मोबाइलवर ती चौदाच्या आसपास पडतात. काना-मात्रा नीट दिसायला देवनागरीला एवढं लागतंच. ॲप वर, एनपीसीआय मधे आणि दोन बँका खाली, ही रचना आपण सुचेल तशी घेतली नव्हती. ती या रुंदीत बसते म्हणून घेतली.

आता थरथरीकडे येऊ. चौकोन निवडला की बाजूच्या पट्टीत `Sloppiness` नावाची सोय दिसते. तिच्या तीन पायऱ्या आहेत: `Architect`, `Artist` आणि `Cartoonist`. पहिलीत रेघ जवळपास सरळ असते, तिसरीत चांगलीच लडबडते. नव्या आकृतीला मधली पायरी आपोआप मिळते. या सोयीमागे रफ-जेएस नावाची मुक्त संगणकीय लायब्ररी काम करते. तिची युक्ती साधी आहे. रेघेची टोकं थोडीशी इकडेतिकडे सरकवायची, मध्यावर रेघ जराशी झुकवायची, आणि हे सगळं दोनदा करून दोन रेघा एकमेकींवर टाकायच्या. माणूस घाईत चौकोन गिरवतो तेव्हा असंच होतं, म्हणून आपला डोळा फसतो. लांब रेघेला प्रमाणाने कमी थरथर दिली जाते, कारण लांब रेघ फार वाकली की ती दारूच्या नशेत काढल्यासारखी दिसते.

आपल्या आकृतीतली पहिली अडचण या दुहेरी रेघेतूनच उभी राहते. एनपीसीआय आणि आपली बँक यांच्यामध्ये दोन बाण आहेत, ‘वजा करा’ हा जाणारा आणि ‘झालं’ हा येणारा. शेजारी शेजारी दोन बाण, प्रत्येकाच्या दोन रेघा, म्हणजे चार रेघा थरथरत एकत्र धावतात. मोबाइलवर त्यांचा मिळून एक जाड, केसाळ पट्टा होतो आणि कुठला बाण कुठे चाललाय ते कळेनासं होतं. घेणाऱ्याच्या बँकेपाशीही तेच. तिथे तर आपल्याला नेमकं हेच दाखवायचंय की जाणारा बाण पोचला आणि येणारा आला नाही.

यावर उपाय असा, की उत्तराचे बाण तुटक रेघेचे करायचे. तुटक रेघ एक्सकॅलिड्रॉ एकदाच काढतो, दुहेरी करत नाही. दोन तुटक रेघा एकमेकींवर पडल्या तर मधल्या फटी बुजतील, हे करणाऱ्यांनी ओळखलेलं आहे. त्यामुळे आदेश भरीव रेघेत आणि उत्तर तुटक रेघेत दिसतं. संगणकक्षेत्रातल्या आकृत्यांत उत्तराला तुटक बाण देण्याची रीत आधीपासून आहेच. दोन बाणांमध्ये निदान 40 पिक्सेलचं अंतर ठेवावं. सगळ्या बाणांवर 1 ते 6 आकडे घालावेत. आणि पाचव्या बाणाला, म्हणजे न आलेल्या उत्तराला, लाल रंग द्यावा. आकृतीत लाल एवढंच. चौकोनही रंगवायला सुरुवात केली की लाल बाणाचं कुणाला काही वाटत नाही.

दुसरी अडचण खास आपली आहे. एक्सकॅलिड्रॉत हाताच्या वळणाचा टाइप आहे, पण त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. ‘UPI’ लिहिलं तर ते खडूने लिहिल्यासारखं दिसतं, आणि त्याच चौकोनात ‘तुमची बँक’ लिहिलं की संगणक आपल्याकडचा छापील देवनागरी टाइप उचलून लावतो. थरथरत्या चौकोनात सरकारी अर्जावरची अक्षरं बसल्यासारखी दिसतात. मराठी आकृती करणाऱ्या प्रत्येकाला हे दिसतं आणि बरेच जण ‘चालतंय’ म्हणून सोडून देतात. दिसायला विजोड, एवढंच असतं तर मीही सोडून दिलं असतं. पण आकृती एसव्हीजी रूपात दिली, तर वाचकाच्या यंत्रावर कुठला देवनागरी टाइप आहे त्यानुसार अक्षरांची रुंदी बदलते. तुमच्याकडे चौकोनात नीट बसलेलं ‘घेणाऱ्याची बँक’ दुसऱ्याकडे कडेबाहेर डोकावतं.

यातून वाटा तीन. पहिली म्हणजे आकृती पीएनजी रूपात दुप्पट आकाराने बाहेर काढायची. अक्षरं चित्रातच गोठतात, मग वाचकाकडे काहीही असो. विजोडपणा मात्र राहतो. दुसरी वाट ड्रॉ-आयओ या साधनाची. तिथे `Style` पट्टीत `Sketch` वर खूण केली की तशीच थरथर मिळते, आणि अक्षरांच्या यादीत `Custom` मध्ये जाऊन गूगल फॉन्ट्सवरचा कुठलाही टाइप नावाने मागवता येतो. तिथे `Kalam` मागवावा. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा टाइप हाताच्या वळणाचा आहे, देवनागरी आणि रोमन दोन्ही त्यात एकाच हातची वाटतात, आणि लहान आकारातही जोडाक्षरं तुटत नाहीत. तिसरी वाट सगळ्यात जुनी: कोरा कागद, जाड टोकाचं काळं स्केचपेन आणि मोबाइलवरचं स्कॅन करणारं ॲप. तुमचं अक्षर बरं असेल तर चार चौकोनांच्या आकृतीला एवढंच पुरतं. फक्त एक बाण हलवायचा झाला की सगळा कागद पुन्हा काढावा लागतो.

आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं, ती म्हणजे चौकोन भरण्याच्या तिरप्या रेघा. हाताच्या वळणाच्या आकृतीत चौकोन रंगाऐवजी अशा रेघांनी भरायची सोय असते आणि ती नुसती पाहायला फार मोहक वाटते. इंग्रजी अक्षरांमागे ती कशीबशी चालून जाते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार असतात. तिरपी रेघ नेमकी शिरोरेघेला छेदून वर जाते आणि मात्रेसारखी दिसते. ‘बँक’ वरचा चंद्र त्या रेघांत हरवतो. मजकूर असलेल्या चौकोनाला फिकट सपाट रंग द्यावा नाहीतर तो कोरा ठेवावा. चौकोनाची वरची कडही शिरोरेघेपासून चांगली दूर हवी. नाहीतर वाचकाला एकाखाली एक दोन शिरोरेघा दिसतात.

इतकी काळजी घेतली की पहिली आकृती उभी राहते. आता त्याच लेखातला दुसरा प्रश्न: अडकलेले पैसे परत कधी येणार?

याचं उत्तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात आहे. एका व्यक्तीने दुसरीला पैसे पाठवले, वजा झाले आणि जमा झाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पैसे वजा झाले आणि दुकानदाराला खात्री पोचली नाही, तर मुदत व्यवहारानंतर पाच दिवसांची. मुदत उलटली की पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई.

पहिल्या आकृतीच्या धुंदीत लेखक हेही थरथरत्या रेघांत काढायला जातो. आडवी कालरेषा, तिच्यावर दिवसांच्या खुणा, दोन मुदतींच्या दोन पट्ट्या. दिसतं झकास. पण आता वाचक आकृतीकडे वेगळ्या कारणासाठी आलाय. त्याला मोजायचंय. सोमवारी पैसे गेले, मग पट्टी मंगळवारपाशी संपते की बुधवारच्या सुरुवातीला? थरथरत्या पट्टीचं टोक खुणेच्या दोन पिक्सेल पुढे गेलेलं असतं, कारण ते तसं जाण्यासाठीच काढलेलं असतं. शिवाय, ज्या रेघेने मघाशी वाचकाला ‘हे ढोबळ आहे’ असं सांगितलं, ती इथेही तेच सांगते. नियम मात्र ढोबळ नाही. या माहितीच्या आधारावर वाचक बँकेत जाऊन भांडणार आहे. त्याच्या हातात ‘साधारण असं काहीतरी’ देऊन चालत नाही.

मोजण्याची ही अडचण तपासून पाहिलेली आहे, आणि तपासणारा माणूस गमतीचा आहे. रफ-जेएसने आपल्या थरथरीचं गणित घेतलं ते हँडी नावाच्या जुन्या लायब्ररीतून. ती लिहिली लंडनच्या सिटी विद्यापीठातल्या जो वुड यांनी. वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली या रेघेचे परिणाम तपासून निबंध लिहिला, त्यात आपल्याच साधनाला पाठीशी घातलं नाही. हाताच्या वळणाचे आकार दाखवले की त्यांच्या क्षेत्रफळांची तुलना करताना लोक जास्त चुकतात, आणि किती चुकतात ते आकारावर अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. उलट, आकृती उघडपणे हातची वाटली की लोक तिच्यात जास्त रमतात आणि तिच्यावर शेरे लिहायला, सुधारणा सुचवायला अधिक राजी होतात, असंही दिसलं. फायदा आणि तोटा दोन्ही त्या एकाच निबंधात आहेत.

वुड यांच्या गटाने आणखी एक शक्यता तपासली होती. थरथर जितकी जास्त तितकी माहिती अनिश्चित, असं वाचकाला सांगता येईल का? कमी-जास्त थरथर लोकांना ओळखता येते, पण किती थरथर म्हणजे किती, याबद्दल माणसामाणसांत फार फरक पडतो. तेव्हा ‘खात्रीची माहिती सरळ रेघेत, अंदाज वाकड्या रेघेत’ अशी शक्कल एकाच आकृतीत लढवू नये. अंदाज असेल तर तिथे ‘अंदाजे’ असा शब्द लिहावा.

खांबांच्या आलेखालाही हेच लागू. शंभरपर्यंतची पट्टी 200 पिक्सेल उंचीत बसवली, तर एका एककाला दोन पिक्सेल मिळतात. रफ-जेएसच्या मधल्या पायरीवर टोकं सरकतात तीही दोन पिक्सेलपर्यंत. म्हणजे 71 आणि 72 यांच्या खांबांत मोठा कुठला, हे रेघांच्या नशिबावर. खांबांच्या डोक्यावर आकडे लिहून वेळ मारून नेता येते, पण मग वाचक आकडेच वाचतो आणि खांब नुसते शोभेला उरतात. लहान आकारांचंही असंच होतं. मोठ्या चौकोनात दोन पिक्सेलची थरथर गोड दिसते, त्याच दोन पिक्सेलनी बोटाच्या पेराएवढा चौकोन पार वेडावाकडा होतो. एक्सकॅलिड्रॉ अगदी बारक्या आकारांची थरथर आपणहून कमी करतो, ते यासाठीच.

म्हणून मुदतींसाठी आकृतीच काढू नये. साध्या सरळ रेघांची तीन रकान्यांची सारणी करावी: काय घडलं, पैसे कधीपर्यंत यायला हवेत, उशीर झाला तर काय. दोन ओळी पुरतात, आणि मजकूर चित्रात न घालता लेखातच टाइप करावा. मग वाचकाला तो निवडून घेता येतो, बँकेला पाठवायच्या तक्रारीत चिकटवता येतो आणि दृष्टिहीन वाचकाच्या मोबाइलला मोठ्याने वाचता येतो. पहिल्या आकृतीचंही वर्णन दोन वाक्यांत चित्रासोबत द्यावं: सहा निरोप क्रमाने जातात, पाचवा न आल्यामुळे व्यवहार लोंबकळतो.

एखादी आकृती कुठल्या बाजूची हे ठरत नसेल, तर तिची `Sloppiness` क्षणभर `Architect` वर नेऊन पाहावी. सरळ रेघांतही ती नीट समजत असेल, तर ती मुळात पक्की आहे आणि थरथर ठेवावी की नाही हा आवडीचा प्रश्न उरतो. सरळ केल्यावर ती अचानक विस्कळित, अर्धवट वाटली, तर दोष आधीपासूनच होता आणि वाकड्या रेघेने तो झाकला होता. चौकोन कुठेही पडलेले असतात, दोन बाण एकमेकांना विनाकारण छेदतात, एका बाणावर मजकूरच नसतो. हाताच्या वळणात हे सगळं ‘मोकळेपणा’ म्हणून खपून जातं. माझ्या पाहण्यातल्या वाईट आकृत्यांपैकी पुष्कळ अशाच होत्या. रचना आधी सरळ रेघांत लावावी आणि थरथर अगदी शेवटी चढवावी.

आणि चित्र बाहेर काढताना `Embed scene` ही सोय चालू ठेवावी. मग तीच पीएनजी फाइल पुन्हा एक्सकॅलिड्रॉमध्ये टाकली की चौकोन आणि बाण सुटे होऊन हलवता येतात. यूपीआयचे नियम बदलत राहतात, तेव्हा हा लेख ठेवणीतला असेल तर त्याची आकृती कधी ना कधी पुन्हा उघडावी लागणारच आहे.